तिजोरीतला चेक आणि खात्यातली जमा

सांगलीजवळच्या एका घाऊक दुकानात मागच्या ऑगस्टमध्ये मी हिशेब तपासायला गेले होते. पीव्हीसी पाइप, फिटिंग, मोटारी असा माल. गावोगावचे लहान दुकानदार इथून माल नेतात, शेतकऱ्याला उधार देतात आणि शेतकऱ्याच्या हाती उसाचं बिल आलं की मग घाऊकवाल्याचे पैसे चुकते करतात. या साखळीत रोख फार थोडी फिरते. माल उचलतानाच दुकानदार पुढच्या तारखेचा चेक देऊन जातो आणि दिवाणजी तो तिजोरीतल्या पाकिटात ठेवतात. त्या दिवशी पाकिटात 43 चेक होते, संगणकात 38. पाच चेकचा फरक तसा तासाभरात सापडला असता. मला घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. परत आलेला एक चेक संगणकाच्या दृष्टीने कधीच वटून गेला होता, आणि त्याच भरवशावर त्या दुकानदाराला दीड लाखाच्या आसपास नवा माल गेला होता.

चेक नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे हिशेबाला कळत नसेल, तर उधारीच्या धंद्यात काय काय घडू शकतं, ते या एका चेकच्या प्रवासात दिसतं. ओळख पटू नये म्हणून रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम जसाच्या तसा आहे.

आधी धंद्यातलं चित्र. 6 जून 2025 ला एका दुकानदाराच्या नावे पहिलं बिल झालं. माल एक लाखाचा, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000 रुपये. 20 जूनला दुसरं बिल, 88,500 रुपयांचं. उधारी 45 दिवसांची, म्हणून पहिल्याची मुदत 21 जुलै आणि दुसऱ्याची 4 ऑगस्ट. दोन्ही तारखांचे दोन चेक त्याने जूनमध्येच देऊन ठेवले. या पार्टीला उधारीची मर्यादा अडीच लाख. येणं 2,06,500, म्हणजे आणखी साधारण 43 हजारांचा माल देता आला असता, त्याहून जास्त नाही.

पुढच्या तारखेचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नव्हे, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हिशेबात तसं दिसणं वेगळं. कायद्याच्या नजरेतही असा चेक त्यावरच्या तारखेपर्यंत खऱ्या अर्थाने चेक नसतो. तो मागणी करताच पैसे देणारा कागद होतो त्या तारखेपासून. त्याआधी बँकेत टाकला तर ‘तारीख पुढची’ असा शेरा मारून बँक तो परत करते. त्यामुळे चेक हाती आला त्या दिवशी पार्टीचं येणं एका रुपयानेही कमी व्हायला नको. नोंद हवी ती फक्त चेकच्या रजिस्टरमध्ये: चेक क्रमांक, बँक, तारीख, रक्कम, कोणत्या बिलापोटी, आणि कागद कुठे ठेवला आहे. काही कंपन्या ‘हातातले पुढील तारखेचे चेक’ असं वेगळं खातं काढून त्यात नोंद करतात. मोठ्या ईआरपीत तशी सोयही असते. मला साधं रजिस्टर जास्त आवडतं, कारण त्यात बिल उघडं राहतं आणि पार्टीच्या खात्यात खरा आकडा दिसतो. वेगळं खातं काढायचं असेल, तर उधारीच्या मर्यादेची मोजणी करताना ते खातं येण्यात धरलं जातं की नाही हे आधी पाहावं. बऱ्याच ठिकाणी ते धरलेलं नसतं.

या दुकानात काय होत होतं? माल, बिलं, येणं सगळं एकाच प्रणालीत, आणि हिशेबाचा भाग टॅलीत. टॅलीत जमेची नोंद करताना `Ctrl+T` दाबलं की ती पुढच्या तारखेची नोंद म्हणून बाजूला राहते आणि तारीख येईपर्यंत खात्यावर तिचा परिणाम होत नाही. सोय चांगली आहे. पण तारीख आली की ती नोंद नेहमीच्या जमेसारखी खात्यात धरली जाते. संगणकाला तारीख कळते. तिजोरीतलं पाकीट उघडून कुणी चेक बँकेत नेला का, ते त्याला कळत नाही.

21 जुलैला सकाळी दुकानदाराचा फोन आला. ‘‘मालक, आठवडाभर थांबा, 28 ला टाका. शेतकऱ्यांकडची उधारी अडकलीय.’’ मालक हो म्हणाले. जुनी पार्टी, अशी आठवडाभराची सवलत सगळेच देतात. चेक पाकिटातच राहिला. संगणकात मात्र 21 तारखेला 1,18,000 जमा झाले, 6 जूनचं बिल चुकतं झालं आणि पार्टीचं येणं 88,500 वर आलं. मर्यादेत दीड लाखाहून जास्त जागा मोकळी दिसू लागली. 24 जुलैला विक्रीवाल्या मुलाने ऑर्डर घेतली, प्रणालीने अडवलं नाही, आणि 1,41,600 रुपयांचं तिसरं बिल होऊन गाडी रवाना झाली.

इथे कुणीही खोटं बोललं नव्हतं. दुकानदाराने मुदत उघडपणे मागितली, मालकांनी ती दिली, विक्रीवाल्याने पडद्यावर दिसलं तेवढंच पाहिलं. फक्त फोनवर झालेलं बोलणं संगणकापर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणून चेकच्या रजिस्टरमध्ये दोन तारखा वेगळ्या हव्यात: चेकवर छापल्यासारखी पक्की असलेली तारीख, आणि बँकेत टाकायची ठरलेली तारीख. पार्टीने मुदत मागितली की दुसरी तारीख बदलायची, आणि शेजारी कोणी कोणाशी कधी बोललं तेही लिहायचं. पहिली तारीख कधीच बदलायची नाही, कारण चेकची वैधता तिच्यावरून मोजली जाते. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून ही वैधता सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली. आपण कितीही मोठ्या मनाने थांबलो तरी हे तीन महिने थांबत नाहीत. या चेकसाठी ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होते. जमेची नोंद मात्र दोन्हींपैकी कुठल्याच तारखेने होऊ नये. ती व्हावी पे-इन स्लिपवर बँकेचा शिक्का बसला, त्या दिवशी.

28 जुलैला सोमवारी चेक बँकेत गेला. 29 ला संध्याकाळी मालकांच्या फोनवर संदेश आला: चेक परत, कारण पुरेशी शिल्लक नाही. 30 ला दिवाणजींनी शाखेत जाऊन चेक आणि परतीचा मेमो आणला.

बँकेत टाकणं आणि वटणं यांच्या मधले हे एक-दोन दिवस हिशेबात दिसायला हवेत. त्यासाठी ‘वसुलीला टाकलेले चेक’ असं एक मधलं खातं लागतं. चेक टाकला की त्या खात्यात नावे आणि पार्टीला जमा, बँकेत पैसे दिसले की बँकेत नावे आणि मधल्या खात्याला जमा. चेक परत आला तर मधल्या खात्यातून रक्कम पुन्हा पार्टीच्या नावे. याचा फायदा रोज सकाळी कळतो. या खात्यात तीन दिवसांपेक्षा जुनी रक्कम पडून असेल, तर एक तर चेक परत आलेला आहे आणि नोंद राहिली आहे, किंवा पैसे आलेले आहेत आणि जुळणी राहिली आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकचं समाशोधन दिवसभर अखंड चालू झालं आहे. ठरलेल्या वेळेत चेकच्या प्रतिमा लगोलग पुढे जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही सांगावं लागतं. तेव्हा आता टाकणं आणि परत येणं एकाच दिवशी घडू शकतं. हे मधलं खातं आता दोन दिवसांऐवजी काही तास वापरलं जाईल, पण काढून टाकता येणार नाही, कारण पार्टीच्या खात्यात टाकणं आणि परतणं या दोन्ही घटना वेगवेगळ्या उमटायला हव्यात.

दिवाणजींनी 30 जुलैला काय केलं, ते फार ठिकाणी पाहिलंय. त्यांनी ‘चेक परत’ म्हणून 1,18,000 ची नोंद पार्टीच्या नावे टाकली. प्रणालीने विचारलं, कोणत्या बिलापोटी? जुनं बिल यादीत नव्हतंच, ते चुकतं झालेलं होतं. म्हणून त्यांनी ‘नवीन संदर्भ’ निवडला आणि 30 जुलै ही तारीख दिली. खात्याची बेरीज बरोबर आली: 88,500, 1,41,600 आणि 1,18,000 मिळून 3,48,100. मर्यादेपेक्षा 98,100 जास्त, हेही पडद्यावर आलं. पण येणं किती दिवसांचं, हे सांगणारा अहवाल साफ चुकला. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं येणं जुलै संपताना जन्माला आल्यासारखं दिसू लागलं. मी 13 ऑगस्टला बसले तेव्हा हे येणं 68 दिवसांचं होतं आणि मुदतीवर 23 दिवस गेले होते. संगणक 14 दिवस म्हणत होता, म्हणजे 45 दिवसांच्या उधारीत अगदी ताजं. वसुलीची यादी जुन्या येण्यापासून सुरू होते, त्यामुळे सगळ्यात काळजी करण्याजोगी रक्कम यादीत तळाला गेली होती.

बरोबर पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी जमेची नोंद आणि बिल यांची बांधलेली गाठ सोडायची, म्हणजे 6 जूनचं बिल पुन्हा उघडं होतं, त्याच क्रमांकाने आणि त्याच मुदतीने. मग परतीची नोंद त्या जमेच्या समोर लावायची. चांगल्या ईआरपीत गाठ सोडायची वेगळी आज्ञा असते. टॅलीसारख्या प्रणालीत परतीची नोंद करताना नवीन संदर्भाऐवजी जुन्याच बिलाचा क्रमांक द्यायचा, म्हणजे ते बिल मूळ तारखेसह जिवंत होतं. जमेची नोंद खोडून टाकायचा मोह अनेकांना होतो, कारण खोडली की सगळं पूर्ववत दिसतं. पण बँकेच्या पासबुकात तर काही दिसेलच, निदान परतीचं शुल्क तरी. शिवाय तो चेक कधी टाकला होता याचा पुरावा आपणच पुसतो. कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती बंद करता येता कामा नये.

बँकेने परतीचं शुल्क लावलं, ते पार्टीकडून वसूल करायचं असेल तर ते वेगळ्या नोंदीने घ्यावं, मूळ बिलात मिसळू नये. चेक न वटल्याबद्दल विक्रेत्याने घेतलेल्या दंडावर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. उशिराबद्दल लावलेल्या व्याजाचं मात्र तसं नाही, त्यावर कर लागतो. म्हणून दंड आणि व्याज एकाच ओळीत टाकू नयेत.

आता पुन्हा चेक टाकण्याविषयी. त्याआधी मेमोवरचं कारण वाचायला हवं, आणि ते रजिस्टरमध्ये शब्दशः उतरवायला हवं. नुसतं ‘बाऊन्स’ लिहिलेलं कामाचं नाही. प्रतिमा अस्पष्ट आली किंवा बँकेकडेच काही तांत्रिक अडचण झाली, आणि त्यात पैसे घेणाऱ्याची चूक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्या बँकेनेच तो चेक पुढच्या समाशोधनात, 24 तासांच्या आत, पुन्हा पाठवायचा असतो आणि त्यासाठी शुल्क घ्यायचं नसतं. आपल्याला फक्त कळवायचं असतं. म्हणजे आपण दुसऱ्यांदा न टाकताही रजिस्टरमध्ये दुसरी ओळ होऊ शकते. अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असेल तर तोच चेक पुन्हा टाकून उपयोग नाही, नवा घ्यावा लागतो. ‘पैसे देणे थांबवले’ असा शेरा असेल तर पार्टीशी काहीतरी वाद आहे. आधी माल, दर, परतावा काय ते विचारून घ्यावं. आणि शिल्लक नसेल तर पुन्हा टाकायचा की नाही, हा धंद्याचा निर्णय. तो पार्टीशी बोलून, तारीख लिहून घेऊन करायचा.

मी ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त जोर देते ती अशी. प्रत्येक वेळी चेक टाकणं ही रजिस्टरमध्ये स्वतंत्र ओळ हवी. टाकल्याची तारीख, परत आल्याचं कळल्याची तारीख, कारण, मेमो कुठे आहे. एकाच ओळीवर तारखा बदलत गेलं तर आधीचा इतिहास नाहीसा होतो, आणि तो इतिहासच कायद्याच्या कामाचा असतो.

1881 च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात 138 हे कलम 1 एप्रिल 1989 पासून अमलात आलं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. तेही उलटले तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची, इथे लोक चुकतात. दिवाणजी 30 जुलैपासून मोजत होते, कारण मेमो त्या दिवशी हातात आला. कायदा म्हणतो, बँकेकडून माहिती मिळाल्यापासून, आणि माहिती तर 29 च्या संध्याकाळी फोनवर आली होती. वाद नको असेल तर आधीची तारीख धरावी. तशी मोजली तर शेवटचा दिवस 28 ऑगस्ट. त्या वर्षी 27 ला गणेश चतुर्थी होती. वकील, टपाल, दुकान सगळं त्या आठवड्यात कसं चालतं, ते वेगळं सांगायला नको.

चेक वैध असेपर्यंत तो कितीही वेळा टाकता येतो, आणि पहिल्या परतीवर खटला भरला नाही म्हणून हक्क जात नाही. दुसऱ्या परतीवरून नव्याने नोटीस देता येते. पूर्वी याच्या उलट मानलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये एमएसआर लेदर्सच्या खटल्यात ते मत बदललं. यामुळे व्यापाऱ्याला बोलणी करायला वेळ मिळतो. पण यातूनच एक धोकाही निघतो, आणि या दुकानात नेमका तोच झाला होता.

4 ऑगस्टचा दुसरा चेक, 88,500 चा, वटला. 7 ऑगस्टला दुकानदाराने एनईएफटीने 40,000 पाठवले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘‘परत आलेल्या चेकपोटी धरा, बाकीचं बघतो.’’ दिवाणजींनी ही रक्कम ‘खात्यावर’ म्हणून घेतली, आणि प्रणालीने ती नेहमीप्रमाणे सगळ्यात जुन्या उघड्या बिलाला लावली. पण 6 जूनचं बिल बंद होतं आणि चेकपरतीची नोंद 30 जुलैची होती. सगळ्यात जुनं उघडं बिल निघालं 24 जुलैचं, म्हणजे जो माल जायलाच नको होता त्याचं. चाळीस हजार तिकडे गेले. परत आलेल्या चेकची बाकी पूर्ण 1,18,000 च दिसत राहिली. 11 ऑगस्टला तोच चेक त्याच पूर्ण रकमेने पुन्हा बँकेत टाकला गेला, आणि 12 ला पुन्हा परत आला.

रक्कम कोणत्या देण्यापोटी धरायची हे देणाऱ्याने सांगितलं असेल आणि घेणाऱ्याने पैसे घेतले असतील, तर त्याने सांगितलेल्या देण्यालाच ती लावावी लागते. 1872 च्या करार कायद्यात हे 59 व्या कलमात आहे. त्याने काहीच सांगितलं नसेल तरच निवड आपली. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या एका ओळीने चेकमागचं देणं 78,000 वर आणलं होतं. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल यांच्या खटल्यात सांगितलं आहे की चेक दिल्यानंतर काही रक्कम चुकती झाली असेल आणि तरीही चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेने टाकला, तर तो परत आल्यावर 138 कलम लागू होत नाही, कारण टाकला त्या दिवशी तेवढं देणं उरलेलंच नसतं. दुसऱ्यांदा टाकलेल्या चेकवर उभा राहणारा खटला असा आपोआप ढासळला होता. कारण काय, तर सुमारे दोन आठवड्यांपूर्वी एका नोंदीला ‘नवीन संदर्भ’ दिला गेला होता.

चेकवर अंशतः भरणा झाल्याची नोंद करून तो उरलेल्या रकमेसाठी टाकता येतो, असं कायदा म्हणतो. पण आजच्या प्रतिमेवर चालणाऱ्या समाशोधनात मी तो मार्ग कुणाला सुचवत नाही. काही पैसे आले की जुना चेक पुन्हा टाकायचा नाही. उरलेल्या रकमेचा नवा चेक मागून घ्यायचा, आणि नवा चेक हातात आला की जुना परत द्यायचा. प्रणालीतही तशी अडवणूक हवी: चेकशी जोडलेल्या बिलाची बाकी चेकच्या रकमेपेक्षा कमी झाली की तो चेक ‘पुन्हा टाकण्यायोग्य’ यादीतून आपोआप बाहेर पडला पाहिजे. ही एक तपासणी घालून घ्यायला सॉफ्टवेअरवाल्याला फार वेळ लागत नाही. या दुकानात ती त्याच आठवड्यात झाली.

मी 13 ऑगस्टला बसून खातं दुरुस्त केलं. 21 जुलैच्या जमेची तारीख बदलली नाही. ती नोंद उलट नोंदीने रद्द केली आणि 28 जुलैची खरी जमा घातली, शेजारी कारण लिहिलं. 29 जुलैची परत 6 जूनच्या बिलाला लावली. चाळीस हजार 24 जुलैच्या बिलावरून काढून 6 जूनच्या बिलाला दिले. 11 ऑगस्टचं टाकणं आणि 12 चं परतणं ही दुसरी ओळ केली. येणं निघालं 2,19,600: पहिल्या बिलाचे 78,000 आणि तिसऱ्याचे 1,41,600. एकूण आकडा आधीही हाच होता, हे दिवाणजींनी लगेच दाखवून दिलं. ‘‘मॅडम, बेरीज तर माझीपण बरोबर होती.’’ ती बरोबरच होती. पण पहिल्या बिलापोटी फक्त 78,000 उरलेत, हे त्या बेरजेत कुठेच दिसत नव्हतं, आणि तो आकडा वकिलांना लागणार होता.

सुदैवाने 28 ऑगस्ट उलटला नव्हता. पहिल्यांदा चेक परत आला तेव्हा देणं पूर्ण 1,18,000 चं होतं, त्यामुळे वकिलांनी त्या पहिल्या परतीवरून नोटीस काढली. नोटिशीत चेकची रक्कम आणि नंतर आलेले पैसे कसे मांडायचे, ते त्यांच्यावरच सोडलं. मागणीची रक्कम चेकच्या रकमेशी जुळली नाही तर नोटीसच निरर्थक ठरू शकते, म्हणून तो मजकूर दुकानात बसून लिहू नये. आम्ही त्यांना दिलं ते एवढंच: मूळ चेक, दोन्ही मेमो, बँकेचे संदेश, 6 जूनचं बिल आणि माल पोचल्याची सही, पार्टीचं दुरुस्त खातं, आणि तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश. 19 ऑगस्टला नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली, 22 ला पोचली. पोचपावतीची तारीख रजिस्टरमध्ये त्याच ओळीवर चढवली आणि तिच्यापुढे 6 सप्टेंबर ही पंधराव्या दिवसाची तारीख लिहिली.

दुकानदार वाईट माणूस नव्हता, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. त्याची उधारी खरोखर अडकली होती. नोटीस पाहून तो घाबरून दुकानात आला, मालकांनी त्याला चहा दिला आणि दोघांनी मिळून खात्याचा कागद पाहिला. 24 जुलैच्या बिलासाठी दोन हप्ते ठरले आणि त्यांचे दोन चेक त्याने दिले. ते पाकिटात गेले, रजिस्टरमध्ये दोन नव्या ओळी झाल्या, आणि खात्यात त्या दिवशी काहीच जमा झालं नाही.

पाकिटातल्या त्या जास्तीच्या पाच चेकचा उलगडाही तोवर झाला होता. दोन चेकची नोंद करायची राहून गेली होती. तीन चेकवर तारीखच नव्हती, विक्रीवाल्याने ‘नंतर सांगतो’ म्हणून आणून दिलेले. बिनतारखेचा चेक घ्यायचा नाही, असा नियम मालकांनी केला. मी आणखी एक मागितला, तो त्यांनी थोडा विचार करून मान्य केला: एका पार्टीचा एक चेक परत आला की तिचे बाकी सगळे चेक त्याच दिवशी काढून पाहायचे, आणि नव्या ऑर्डरला मालकांच्या परवानगीशिवाय गाडी लावायची नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाकीट उघडून कागदी चेक मोजायचे आणि रजिस्टरशी ताडायचे. 31 मार्चला तर ते करायचंच, कारण एप्रिलची तारीख असलेला चेक ताळेबंदात बँकेत किंवा हातातल्या रकमेत दाखवला जाता कामा नये, तो येण्यातच राहतो.

4 सप्टेंबरला 78,000 एनईएफटीने आले. दिवाणजींनी ते 6 जूनच्या बिलाला लावले, बाकी शून्य झाली. दुपारी दुकानदार मूळ चेक न्यायला आला. दोन मेमो टाचलेल्या त्या चेकची झेरॉक्स फाइलला लावली, मूळ कागद त्याच्या हाती दिला, आणि ‘परत मिळाला’ अशी सही त्याच्याकडून रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात घेतली.